कायमचं ठरलेलं भाडं की वाढत जाणारा डिव्हिडंड, किंमत कुणाची जास्त?

प्रश्न: वडिलांच्या मागे दोन गोष्टी आहेत. एक जमीन, ती कायमच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहे, वर्षाला ६० हजार येतात आणि रक्कम कधीच वाढणार नाही असं करारात आहे. दुसरं म्हणजे एका जुन्या कंपनीचे शेअर्स, कंपनी बाजारात लिस्टेड नाही, पुढच्या वर्षी ३० हजार डिव्हिडंड येईल आणि गेली दहा वर्षं तो सरासरी ६ टक्क्यांनी वाढतोय. मी शेअर्स घेणार, भाऊ जमीन घेणार, ज्याच्याकडे जास्त किमतीचं जाईल त्याने फरकाचे अर्धे पैसे दुसऱ्याला द्यायचे असं ठरलंय. मी ९ टक्के दर धरून फॉर्म्युला लावला तर भाडं ६.६७ लाख आणि शेअर्स १० लाख आले. भाऊ म्हणतो वाढ ७ टक्के धर, मग शेअर्स १५ लाख होतात. एका टक्क्याने ५ लाख कसे काय वाढले? आणि कायम येणारे पैसे मोजले तर बेरीज अनंत व्हायला हवी ना, ती ६.६७ लाखावर थांबते कशी?

उत्तर:

ताई, तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे आणि भावाचाही बरोबर आहे. चूक आहे ती वाढीचा आकडा कुठून उचलायचा त्यात, आणि एकदा ते नीट बघितलं की मला वाटतं तुम्हाला भावाला फारसं काही द्यावंच लागणार नाही. पण आधी अनंताचा प्रश्न घेऊ, कारण बाकी सगळं त्यातूनच उलगडतं.

समजा तुमच्याकडे आज ६.६७ लाख रोख आहेत आणि ते ९ टक्क्यांनी कुठेतरी लावलेत. वर्षाच्या शेवटी ६० हजार व्याज आलं, ते काढून घेतलं, मूळ रक्कम जागच्या जागी. पुढच्या वर्षी परत ६० हजार, त्याच्या पुढच्या वर्षी परत, असं कितीही वर्षं चालू राहील आणि मुद्दल कधी संपणारच नाही. म्हणजे कायमचे ६० हजार तयार करायला आज ६.६७ लाख पुरतात, मग त्या भाड्यासाठी कुणी त्यापेक्षा जास्त का देईल? वर्तमान मूल्य म्हणजे एवढंच. लांबच्या वर्षांचे पैसे आज किती किरकोळ होतात ते बघायचं असेल तर शंभराव्या वर्षाचं भाडं घ्या, त्याची ९ टक्क्यांनी आजची किंमत होते साधारण ११. हजार नाही, नुसते ११. म्हणून बेरीज अनंत वर्षांची असली तरी ती एका आकड्यापाशी येऊन थांबते.

आता डिव्हिडंड. इथे फॉर्म्युला असा:

```
P = D1 / (r - g)
```

P म्हणजे आजची किंमत, D1 म्हणजे पुढच्या वर्षी हातात येणारा डिव्हिडंड, r म्हणजे तुम्ही धरलेला दर आणि g म्हणजे वाढ. दरातून वाढ वजा का करायची हे बऱ्याच जणांना पाठ असतं पण पटलेलं नसतं, म्हणून तेच रोख पैशाचं उदाहरण परत. १० लाख ९ टक्क्यांनी लावले, वर्षाअखेर ९० हजार मिळाले. त्यातले तुम्ही फक्त ३० हजार काढले आणि ६० हजार आतच ठेवले, मुद्दल झालं १०.६ लाख, म्हणजे बरोबर ६ टक्क्यांनी वाढलं. पुढच्या वर्षी त्यावर ९५,४०० आले, ३१,८०० काढले, उरलेले परत आत, मुद्दल ११.२४ लाख. तुमची उचल दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढतेय आणि तेवढ्याच वेगाने मुद्दलही वाढतंय, त्यामुळे हे चक्र कधी तुटत नाही. म्हणजे ९ टक्के कमाईतले ६ टक्के पुढच्या वाढीसाठी आत राहतात आणि तुमच्या वाट्याला येतात ३ टक्के. हे ३ टक्के म्हणजे ३० हजार, म्हणून मुद्दल १० लाख.

भावाने वाढ ७ केली तेव्हा काय झालं बघा. आता ९ मधले ७ आत ठेवायचेत, उचलायला उरले फक्त २ टक्के, आणि २ टक्के म्हणजे ३० हजार हवे असतील तर मुद्दल १५ लाख लागणारच. वाढ ६ ची ७ झाली हा बदल लहान दिसतो, पण भागाकार ज्याने होतो तो आकडा ३ चा २ झाला, म्हणजे एक तृतीयांशाने कमी झाला. वाढीचा आकडा दराच्या जवळ जायला लागला की हे गणित फार हुळहुळं होतं. मी एकदा एका मूल्यांकनाच्या रिपोर्टात दर ९ आणि वाढ साडेआठ धरलेली बघितली होती, म्हणजे डिव्हिडंडच्या दोनशे पट किंमत, आणि त्यावर सही करणाऱ्या कुणालाच ते खटकलं नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या आकड्यावर खरे पैसे एका हातातून दुसऱ्या हातात गेले. आणि वाढ दराइतकी किंवा त्याहून जास्त धरली तर फॉर्म्युला लागूच होत नाही, उत्तर अनंत किंवा उणे येतं, ते उत्तर म्हणून वापरायचंच नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो कारण तुमच्या वाटणीत ती महत्त्वाची आहे. भाड्याच्या ६.६७ लाखापैकी साधारण ८२ टक्के किंमत पहिल्या वीस वर्षांतच वसूल होते. तुमच्या १० लाखाच्या शेअर्सचं मात्र पहिल्या वीस वर्षांत जेमतेम ४३ टक्के वसूल होतं, उरलेले ५७ टक्के विसाव्या वर्षानंतरच्या डिव्हिडंडमधून येतात. डिव्हिडंड भाड्याच्या पुढे जायलाच मुळात तेरावं वर्ष उजाडतं, ६ टक्क्यांनी बाराव्या वर्षी तो ५७ हजारांच्या आसपास असतो आणि तेराव्या वर्षी ६० हजार ओलांडतो. म्हणजे तुम्ही भावाला आज जे पैसे द्याल ते बरेचसे वीस वर्षांनंतर ती कंपनी कशी चालेल या अंदाजापोटी असतील. हा अंदाज चुकला तर नुकसान एकट्या तुमचं, कारण भावाने त्याचे पैसे आजच घेतलेले असतील.

म्हणून आता खरा प्रश्न, ६ टक्के विश्वास ठेवण्यासारखे आहेत का. गेल्या दहा वर्षांत डिव्हिडंड ६ टक्क्यांनी वाढला म्हणून तो कायम तसाच वाढेल असं नाही, तो का वाढला ते आधी बघायला हवं. डिव्हिडंड दोन कारणांनी वाढू शकतो, एक तर नफा वाढला म्हणून, नाहीतर नफा तसाच राहून त्यातला जास्त हिस्सा वाटला म्हणून. आकड्यांत दाखवतो. समजा तुमच्या शेअर्सच्या वाट्याचा नफा आज वर्षाला ५० हजार आहे आणि त्यातले ३० हजार वाटतात, म्हणजे ६० टक्के. दहा वर्षांपूर्वी तो नफा ३७,२०० होता आणि वाटलेला डिव्हिडंड १६,७५० होता, म्हणजे ४५ टक्के. आता १६,७५० चे ३० हजार झाले ही वाढ वर्षाला ६ टक्केच बसते. पण नफा ३७,२०० चा ५० हजार झाला ती वाढ फक्त ३ टक्के आहे! उरलेली अर्धी वाढ हिस्सा ४५ वरून ६० वर गेला त्यातून आली. आणि हिस्सा किती वाढवणार, याच वेगाने गेला तर अठरा वर्षांच्या आत तो शंभरावर पोचेल, त्यापुढे वाटायला काही उरतच नाही. शिवाय जितकं जास्त वाटाल तितकं धंद्यात परत टाकायला कमी, मग नफ्याची वाढही मंदावते.

तुमच्या कंपनीत असंच झालंय असं मी म्हणत नाही, ते ताळेबंद बघूनच कळेल. पण शेअर होल्डर म्हणून तुम्हाला वार्षिक अहवाल मागता येतात, वडिलांच्या कागदपत्रांत ते बहुतेक असतीलही. दर वर्षीचा प्रति शेअर नफा आणि प्रति शेअर डिव्हिडंड शेजारी शेजारी लिहून काढा, दहा ओळींचं काम आहे. दोन्ही सारख्या वेगाने वाढले असतील तर ६ टक्क्यांना थोडा आधार आहे. नफा मागे आणि डिव्हिडंड पुढे असेल तर भविष्यासाठी नफ्याचा वेग धरायचा, डिव्हिडंडचा नाही.

वाढ तपासायचा दुसरा रस्ता म्हणजे कंपनी जे पैसे वाटत नाही ते कुठे जातात आणि किती कमावतात. ५० हजारातले २० हजार आत राहिले. त्यावर कंपनी १२ टक्के कमावत असेल तर पुढच्या वर्षी नफा २,४०० ने वाढेल, म्हणजे ५० हजारावर ४.८ टक्के. ६ टक्के वाढ हवी असेल तर त्या २० हजारांवर १५ टक्के कमवायला हवेत, आणि भावाच्या ७ साठी साडेसतरा टक्के, तेही कायम, दर वर्षी, कुठलाही प्रतिस्पर्धी आड न येता. कायम या शब्दावर जरा थांबा. एखादी कंपनी पाच-दहा वर्षं सहज १५-२० टक्क्यांनी वाढू शकते, पण सगळ्या अर्थव्यवस्थेपेक्षा जास्त वेगाने कायम वाढत राहिली तर एक दिवस तीच सगळी अर्थव्यवस्था होऊन बसेल, म्हणजे ते शक्यच नाही. त्यामुळे या फॉर्म्युल्यात घालायची वाढ ही नेहमी मंद, म्हाताऱ्या, स्थिरावलेल्या कंपनीची हवी.

मग मधला मार्ग काय? मी तुमच्या जागी असतो तर दोन टप्पे केले असते. पहिली दहा वर्षं ६ टक्के मान्य करतो, भावालाही ते पटेल, आणि अकराव्या वर्षापासून कायमचे ४ टक्के. पहिल्या दहा वर्षांच्या डिव्हिडंडची आजची किंमत येते २.४४ लाख. दहाव्या वर्षी डिव्हिडंड साधारण ५०,७०० झालेला असेल, अकराव्या वर्षी त्यात ४ टक्के वाढ होऊन ५२,७००. आता कायमचा फॉर्म्युला इथे लावायचा, ५२,७०० भागिले ५ टक्के, म्हणजे १०.५४ लाख. पण ही किंमत दहाव्या वर्षाच्या शेवटी उभं राहून बघितलेली आहे, ती आज आणायला १.०९ चा दहावा घात म्हणजे २.३६७ ने भागायचं, उत्तर ४.४५ लाख. (हे भागायचं राहून गेलं तर किंमत १३ लाखांच्या जवळ दिसते, ही चूक फार कॉमन आहे, तुमच्या भावाने टप्पे करून दाखवले तर आधी हेच तपासा.) दोन्ही मिळून ६.८९ लाख.

म्हणजे शेअर्स ६.८९ आणि भाडं ६.६७, फरक २२ हजार, त्याचे अर्धे ११ हजार. तुमच्या स्वतःच्या हिशोबाने तुम्ही १ लाख ६७ हजार द्यायला निघाला होता आणि भावाच्या हिशोबाने ४ लाख १७ हजार!

टप्पे करायचे नसतील तर प्रश्न उलटा विचारा, शेअर्स आणि भाडं बरोबरीत यायला कायमची वाढ किती लागते? ३० हजार भागिले ६.६७ लाख म्हणजे साडेचार टक्के, आणि ९ मधून साडेचार गेले की उरतात साडेचार. तुमचं आणि भावाचं भांडण मग एवढ्यावरच येतं की ही कंपनी कायम साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त वाढेल की कमी. यावर दोन माणसं चहा न सांडता बोलू शकतात, १० लाख की १५ लाख यावर नाही. आणि नफ्याची खरी वाढ ३ टक्केच निघाली तर शेअर्स फक्त ५ लाखांचे होतात, मग भावानेच तुम्हाला ८३ हजार द्यायला हवेत.

आता दराबद्दल. तुम्ही दोन्हीला ९ लावलेत, सुरुवातीला ठीक आहे, पण दोन्ही पैसे सारखे खात्रीचे नाहीत. भाडं कराराने बांधलेलं आहे, डिव्हिडंड कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि लिस्टेड नसलेले शेअर्स उद्या विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं. त्यामुळे शेअर्सना एखादा टक्का जास्त दर लावणं अगदी रास्त आहे. ६ टक्के वाढ तशीच ठेवून दर ९ चा १० केला तर १० लाखाचे साडेसात लाख होतात. भाड्याला १० लावले तर ते ६ लाख होतं, म्हणजे एकाच टक्क्याने भाडं दहा टक्के उतरतं आणि शेअर्स पंचवीस टक्के.

महागाईचा मुद्दा भाऊ काढेल, किंवा तुमच्याच मनात येईल, की भाडं वाढत नाही आणि महागाई तर वाढते, मग ९ मधून ५ टक्के महागाई वजा करून ४ टक्क्यांनी भाडं मोजूया. तसं केलं तर ६० हजार भागिले ४ टक्के म्हणजे १५ लाख येतात आणि हे साफ चूक आहे. महागाईने भाड्याची खरी किंमत दर वर्षी झिजते, म्हणून महागाई काढून मोजायचं असेल तर दरातूनही काढा आणि भाड्यालाही दर वर्षी घटतं धरा, दोन्हीकडून नीट केलं की परत ६.६७ लाखच येतात. ९ टक्क्यांच्या दरात महागाई आधीच धरलेली आहे, एकदाच मोजा म्हणजे झालं.

शेवटी भाडेपट्ट्याचा कागद. त्यात तीन गोष्टी बघा. भाडं वर्षाच्या सुरुवातीला येतं की शेवटी? सुरुवातीला येत असेल आणि पुढचा हप्ता आताच देय असेल तर फॉर्म्युल्याच्या उत्तरात तो एक हप्ता मिळवायचा, ६.६७ चे ७.२७ लाख होतात, आणि मग वरच्या दोन टप्प्यांच्या हिशोबाने जमीन शेअर्सपेक्षा ३८ हजारांनी महाग ठरते, म्हणजे भाऊ तुम्हाला १९ हजार देणं लागतो. तसंच शेअर्सच्या बाजूलाही ३० हजार हा पुढचा डिव्हिडंड आहे हे पक्कं करा, तो आलेला असेल तर पुढचा ३१,८०० धरावा लागेल. दुसरं, ६० हजारातून जमिनीचा कर किंवा इतर खर्च मालकाला भरावा लागतो का, लागत असेल तर हातात उरेल तेवढंच भाडं मोजा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. भाडेकरूला एकरकमी पैसे देऊन पट्टा संपवायचा हक्क आहे का? कायम या शब्दाच्या आत असा हक्क लपलेला असतो तेव्हा ते कायम एकतर्फी असतं. ब्रिटिश सरकारचे कन्सोल नावाचे बाँड अठराव्या शतकापासून होते, मुद्दल परत द्यायची तारीखच नाही, फक्त व्याज देत राहायचं, कायमच्या उत्पन्नाचं पुस्तकी उदाहरण. पण दर्शनी किमतीला ते परत घ्यायचा हक्क सरकारकडे होता. बाजारातले व्याजदर उतरले तसं १८८८ मध्ये सरकारने ३ टक्केवाल्यांना कमी व्याजावर आणलं, आधी पावणेतीन आणि १९०३ पासून अडीच टक्के, आणि २०१५ मध्ये उरलेसुरले सगळे पैसे देऊन बंदच करून टाकले. भाडं देणाऱ्याला स्वस्त पडेल तेव्हाच तो हा हक्क वापरतो, म्हणजे नेमकं तेव्हा जेव्हा तुमच्याकडे ते चालू राहणं जास्त फायद्याचं असतं. तुमच्या पट्ट्यात समजा दहा वर्षांचं भाडं देऊन मोकळं होता येतं असं लिहिलं असेल, तर ६ लाख ही त्या भाड्याची कमाल मर्यादा झाली, फॉर्म्युला ६.६७ म्हणो की ७.२७. आणि असं कलम असेल तर जमीन भावाकडे जाताना त्याचा तोटा होईल, तो त्याला आधीच सांगा, नंतर कळलं तर वाटणीवरचा विश्वास जाईल.

कागद आणि दहा वर्षांचे नफ्याचे आकडे समोर आले की भावाला बसवून वरचा साडेचार टक्क्यांचा प्रश्न त्याला विचारा, आणि त्याने जो आकडा सांगितला त्याच आकड्याने शेअर्स त्यालाच देऊन तुम्ही जमीन घ्यायला तयार आहात असं म्हणा. कायम ७ टक्के वाढेल असं त्याला खरंच वाटत असेल तर १५ लाखाचे शेअर्स तो आनंदाने घेईल आणि तुम्हाला ४ लाख १७ हजार देईल.